इटलीच्या नगरपालिकेचं रजिस्टर पत्र मराठीत कसं उतरवायचं

फ्लॉरेन्स, पिसा, सिएना असा भाड्याच्या गाडीनं प्रवास करून आलेल्या कुटुंबाच्या पुण्यातल्या घरी सात-आठ महिन्यांनी पोस्टमन एक पाकीट घेऊन येतो. सही घेतो, पाकीट देतो. आत चार-पाच पानं इटालियन मजकूर, वर नगरपालिकेचं बोधचिन्ह, मध्ये गाडीचा नंबर आणि खाली युरोमधल्या तीन वेगवेगळ्या रकमा. घरात किंवा ओळखीत ज्याला थोडंफार इटालियन येतं त्याच्याकडे ते पत्र जातं आणि प्रश्न एकच असतो: 'यात काय लिहिलंय?'

हा लेख त्या भाषांतर करणाऱ्यासाठी आहे. असं पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सरळ उतरवत गेलं तर दोन तास जातात, आणि तरीही किती पैसे, कधीपर्यंत आणि कुणी भरायचे हे वाचणाऱ्याला कळत नाही. म्हणून आधी पत्र चाळायचं, कामाच्या जागा शोधायच्या आणि त्यानंतरच पूर्ण भाषांतराला हात घालायचा. खाली उदाहरणासाठी एक नमुना पत्र घेतलं आहे. 14 जून 2024 रोजी, शुक्रवारी सकाळी 11:42 वाजता, भाड्याची गाडी फ्लॉरेन्सच्या जुन्या गावठाणातल्या निर्बंधित वाहतूक क्षेत्रात शिरली. पत्र पुण्यात पोचलं 11 फेब्रुवारी 2025 रोजी.

पाकीट फेकू नका

भाषांतराची सुरुवात पाकिटापासून होते. पाकिटावर दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी `IT` असा तेरा खुणांचा क्रमांक असतो. तो टपाल खात्याच्या संकेतस्थळावर टाकला की पत्र कधी दिलं गेलं ते दिसतं. ही तारीख फार महत्त्वाची आहे, कारण पत्रातल्या सगळ्या मुदती 'बजावणीपासून' मोजल्या जातात आणि बजावणीची तारीख पत्रात छापलेली नसते. ती छापता येणारही नाही, कारण पत्र रवाना होताना ते कधी पोचेल हे कुणालाच माहीत नसतं.

सोसायटीच्या वॉचमननं सही करून पाकीट घेतलं आणि ते चार दिवस त्याच्या टेबलावर पडून राहिलं, असं सर्रास होतं. नोंद मात्र वॉचमनच्या सहीच्या दिवसाची होते. म्हणून पाकिटावर पेन्सिलीनं लगेच लिहून ठेवा: कुणी घेतलं, कधी घेतलं. भाषांतराच्या पहिल्या ओळीतही हीच तारीख यायला हवी.

इटलीतच राहणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तिथे दंडाची कागदपत्रं बहुधा हिरव्या पाकिटातून येतात. घरी कुणी नसेल तर पोस्टमन चिठ्ठी ठेवून जातो, पाकीट टपाल कार्यालयात राहतं आणि पाकीट तिथे ठेवल्याचं कळवणारं दुसरं रजिस्टर पत्र पाठवलं जातं. ते पाठवल्यापासून दहा दिवस उलटले की तुम्ही पाकीट घेतलं नसलं तरी बजावणी झाली असं कायदा धरतो. त्यामुळे 'घेतलंच नाही तर लागू कसं होईल' हा हिशेब तिथे चालत नाही.

पत्र कुणाकडून आहे

पहिल्या पानाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात 'कोमूने दी' आणि पुढे गावाचं नाव असतं. कोमूने म्हणजे नगरपालिका. गाव लहान असो की मिलानइतकं मोठं, शब्द तोच. त्याच्या खाली विभागाचं नाव असतं आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. तिथे 'पोलित्सिया' हा शब्द असेल तर हे वाहतुकीच्या दंडाचं पत्र आहे. 'उफ्फीचो त्रिबूती' असेल तर ते कर विभागाचं. दोन्हींच्या मुदती, अपिलाची जागा आणि सवलती वेगळ्या असतात. एका पत्राचं भाषांतर समोर ठेवून दुसऱ्याचा अर्थ लावायला गेलं की घोळ होतो. आधी वाहतूक दंड पाहू, कारण भारतात येणारी बहुतेक पत्रं त्याचीच असतात. कराकडे शेवटी येऊ.

पोलिसांचं नाव दिसलं की घरातले घाबरतात. भाषांतराच्या सुरुवातीलाच एक ओळ लिहून टाका: हा फौजदारी गुन्हा नाही, प्रशासकीय दंड आहे. पत्रात 'सान्त्सिओने अम्मिनिस्त्रातीवा' असे जोडशब्द असतात, त्यांचा अर्थ तोच. तिथे 'शिक्षा' हा शब्द वापरू नका, 'दंड' म्हणा.

शब्दकोश जिथे फसवतो

पत्राच्या मथळ्यातला पहिलाच मोठा शब्द 'वेर्बाले' असतो. शब्दकोशात त्याचा एक अर्थ 'तोंडी' असा सापडतो आणि भाषांतर सुरू होताच घसरतं. इथे तो नाम आहे: घडलेल्या गोष्टीची अधिकाऱ्यानं केलेली लेखी नोंद. 'पंचनामा' हा शब्द मोहात पाडतो, पण त्यात पंच आले, जागेवर जाणं आलं. इथे कॅमेऱ्यानं नंबरप्लेट टिपलेली असते आणि कारकुनानं कार्यालयात कागद तयार केलेला असतो. घरच्यांना सांगताना 'चलन' म्हटलं की ई-चलनाच्या सवयीमुळे लगेच समजतं. पूर्ण भाषांतरात मात्र 'नियमभंगाचा अहवाल' लिहा आणि मग शेवटपर्यंत तोच शब्द ठेवा. एकदा अहवाल, एकदा नोटीस, एकदा चलन असं लिहिलं तर वाचणाऱ्याला ती तीन वेगवेगळी कागदपत्रं वाटतात.

दुसरा शब्द 'कोम्मा'. हे स्वल्पविराम नव्हे. इटालियन कायद्यात कोम्मा म्हणजे पोटकलम. 'आर्टिकल 7, कोम्मा 9 आणि 14' याचं मराठी 'कलम 7, पोटकलम 9 व 14'. त्याच्या अलीकडे 'आय सेन्सी' असे शब्द येतात. शब्दशः 'अर्थाप्रमाणे', पण आपल्याकडे त्यासाठी तयार शब्द आहे: 'अन्वये'. सरकारी मराठीची सवय असलेल्याला इथे सोपं जातं. 'नोतीफिका' म्हणजे नुसतं 'कळवणं' नाही, 'बजावणी'. समन्स बजावतात तीच.

कलमाचा आकडा नीट उतरवा, कारण प्रकरण कशाचं आहे ते त्यातच कळतं. कायदा म्हणजे 1992 सालची इटलीची वाहतूक संहिता, तिचा क्रमांक 285. कलम 7 म्हणजे शहराच्या आतले निर्बंध. कलम 142 म्हणजे वेगमर्यादा ओलांडणं. आपल्या नमुन्यात कलम 7 आहे आणि ठिकाणाच्या ओळीत 'वार्को' हा शब्द आहे. वार्को म्हणजे कॅमेरा बसवलेलं प्रवेशस्थान. तिथे फाटक नसतं, अडवणारं कुणी नसतं. त्यामुळे 'आम्ही कुठलंच गेट ओलांडलं नाही' असं घरचे म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. भाषांतरात 'गेट' लिहू नका, 'कॅमेरा असलेलं प्रवेशस्थान' लिहा.

एक वाक्य जवळून

पत्राच्या मधोमध साधारण असं वाक्य येतं. त्याचं अगदी शब्दाला शब्द ठेवलेलं मराठी आधी पाहा: 'आपली महोदयता कमी मापात 83,00 युरो रकमेचे पैसे देण्यास आमंत्रित आहे, खर्चाच्या पलीकडे, सूचनेपासून 60 दिवसांत.'

यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा घात करतो. 'महोदयता' म्हणजे फक्त 'आपण'. इटालियन सरकारी पत्रात ते दोन अक्षरांत, `S.V.` असं छापतात, आणि ते कुणाच्या नावाचं लघुरूप आहे असं समजून लोक शोधत बसतात. 'आमंत्रित' हे क्रियापद खरंच निमंत्रणाचं आहे, पण सरकारी कागदात त्याचा अर्थ 'भरावे' असा होतो. आमंत्रण नाकारता येतं, हे नाकारता येत नाही.

'कमी माप' म्हणजे 'मिझूरा रिदोत्ता'. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कायद्यात या दंडाला किमान आणि कमाल अशा दोन मर्यादा आहेत. निर्बंधित क्षेत्रात शिरण्यासाठी 2024 मध्ये त्या 83 युरो आणि 332 युरो होत्या. साठ दिवसांच्या आत भरलं तर किमान, म्हणजे 83 युरो. यालाच 'कमी केलेली रक्कम' म्हणतात. पाच दिवसांत भरलं तर त्या 83 वर आणखी तीस टक्के सूट मिळते. म्हणजे 'कमी' हा शब्द पत्रात दोन पायऱ्यांसाठी येतो. सगळीकडे 'सवलत' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं की 83 हीच सूट धरून आलेली रक्कम आहे, आणि पाच दिवसांची सूट हातची जाते. पहिल्यासाठी 'किमान दंड' आणि दुसऱ्यासाठी 'तीस टक्के सूट' असे दोन वेगळे शब्द ठेवा.

'पलीकडे' हा 'ओल्त्रे' शब्दाचा अर्थ. पण रकमेनंतर आला की ओल्त्रे म्हणजे 'अधिक', 'शिवाय': 83 युरो अधिक खर्च. तोच शब्द दिवसांच्या आधी आला की 'उलटल्यावर'. एकाच पानावर तो दोन्ही अर्थांनी येतो. त्याच्या उलट 'एन्त्रो' म्हणजे 'च्या आत'. एन्त्रो आणि ओल्त्रे या दोन शब्दांभोवती पत्रात पेन्सिलीनं गोल करा. मुदतींचा सगळा हिशेब त्यांच्या आसपास सापडतो.

आता तेच वाक्य नीट: 'हा अहवाल आपल्यावर बजावला गेल्यापासून 60 दिवसांच्या आत किमान दंडाचे 83.00 युरो, अधिक खर्च, भरावेत.' मूळ वाक्यापेक्षा लहान झालं, आणि ते ठीक आहे.

जाता जाता आकड्यांबद्दल. इटलीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी टिंब वापरतात. '58,10' म्हणजे अठ्ठावन्न युरो दहा सेंट आणि '1.166,00' म्हणजे एक हजार एकशे सहासष्ट. मराठी मजकुरात आपल्या पद्धतीनं लिहा, पण बँकेच्या फॉर्मवर रक्कम भरताना पुन्हा मूळ कागद पाहा. तारखांचा क्रम आपल्यासारखाच, आधी दिवस आणि मग महिना.

तारखा: पत्रात तीन, पाकिटावर चौथी

पहिली तारीख घटनेची: 14 जून 2024. दुसरी 'अच्चेर्तामेन्तो' या शब्दाजवळ असते. त्याचा अर्थ 'खातरजमा' किंवा 'निश्चिती'. गाडी भाड्याची असली तर नगरपालिकेला आधी फक्त गाडीच्या मालक कंपनीचं नाव कळतं. कंपनीनं भाडेकरूचं नाव कळवल्यावरच ती पुण्याच्या पत्त्यावर लिहू शकते. नमुन्यात ही तारीख 2 ऑक्टोबर 2024 आहे. तिसरी तारीख पत्र तयार केल्याची. चौथी तुमच्या पाकिटावरची, 11 फेब्रुवारी 2025.

'इतक्या उशिरा पाठवलंय, म्हणजे बाद' असं कुणी ना कुणी म्हणतंच. इटलीत राहणाऱ्यांसाठी बजावणीची मुदत 90 दिवस आहे, हे ऐकलेलं असतं. पण परदेशात राहणाऱ्यांसाठी ती 360 दिवस आहे, आणि भाड्याच्या गाडीबाबत नाव कळल्याची तारीख हिशेबात येते. आपल्या नमुन्यात तर घटनेपासून मोजलं तरी 242 दिवस होतात. बाद नाही. हा हिशेब भाषांतरासोबत एका ओळीत लिहून दिला की निष्फळ वाद टळतो.

आता मुदती. बजावणीचा दिवस धरायचा नाही, दुसऱ्या दिवशी एक मोजायचा. 12 फेब्रुवारी हा पहिला दिवस, पाचवा येतो 16 फेब्रुवारीला. तो रविवार आहे, आणि शेवटचा दिवस सुट्टीचा असेल तर मुदत पुढच्या कामाच्या दिवसावर जाते, म्हणजे सोमवार, 17 फेब्रुवारी. मधले शनिवार-रविवार मात्र मोजले जातात. 'पाच कामाचे दिवस' असं भाषांतर करू नका. साठावा दिवस 12 एप्रिल 2025, शनिवार. बँकेचा घोळ होऊ शकतो हे धरून घरच्यांना सांगताना आठवडाभर आधीची तारीख सांगावी.

रकमा

पत्राच्या शेवटच्या पानांवर किंवा सोबतच्या भरणा-पत्रकावर तीन आकडे असतात. नमुन्यात दंड 83 युरो आणि 'स्पेझे', म्हणजे चौकशी व टपालाचा खर्च, 24.50 युरो आहे. खर्चाचा आकडा नगरपालिकेनुसार बदलतो, तो पत्रातूनच घ्या.

पाच दिवसांत भरायचे: 83 वजा तीस टक्के म्हणजे 58.10, त्यात 24.50 मिळवून 82.60 युरो. तीस टक्के सूट फक्त दंडावर असते, खर्चावर नाही. एकूण 107.50 वर सूट काढली तर 75.25 येतात, तेवढेच भरले तर रक्कम अपुरी ठरते. सहा ते साठ दिवसांत: 107.50. साठ दिवस उलटले आणि अपीलही केलं नाही तर अहवालच वसुलीचा आदेश बनतो. तेव्हा दंड कमाल मर्यादेच्या निम्मा, म्हणजे 332 चे 166, अधिक खर्च, मिळून 190.50 होतो. पत्रात हे 'तीतोलो एसेकुतीवो' या शब्दांनी सांगितलेलं असतं. 'कार्यकारी शीर्षक' असं त्याचं मराठी अनेकदा पाहायला मिळतं; त्यातून कुणालाच काही कळत नाही. 'थेट वसुली करता येईल असा आदेश' लिहा.

या सगळ्यात गाडीच्या कंपनीनं कार्डावर आधीच कापलेले पैसे येत नाहीत. भाडेकरूचं नाव पोलिसांना कळवण्यासाठी कंपनी स्वतःचं शुल्क घेते, आणि ते करारात बारीक अक्षरात असतं. 'दंड तर कार्डातून गेला' असं समजून बरेच जण नगरपालिकेचं पत्र बाजूला ठेवतात. कार्डाचं विवरण मागवा, कापलेली रक्कम आणि पत्रातली रक्कम शेजारी ठेवा. बहुतेक वेळा त्या जुळत नाहीत, कारण गोष्टी दोन आहेत.

एकाच कुटुंबाला दोन पाकिटं आली तर दुसरं 'तेच पुन्हा' असेल असं मानू नका. अहवालाचे क्रमांक, वेळ आणि प्रवेशस्थान ओळीनं ताडून पाहा. वेळ वेगळी असेल तर नोंद वेगळी आहे.

कुणी भरायचं, आणि सोबतचा फॉर्म

पत्रात नावाच्या आधी 'त्रास्ग्रेस्सोरे' किंवा 'ओब्बलिगातो इन सोलिदो' असं काही असतं. पहिला म्हणजे नियम मोडणारा, चालक. दुसरा म्हणजे त्याच्या बरोबरीनं जबाबदार असलेला, इथे गाडी भाड्यानं घेणारा. 'इन सोलिदो'चं मराठी 'ठोस' असं केलेलं दिसतं, ते चूक आहे. अर्थ असा की पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाहीकडून मागता येते, पण एकदाच. वडिलांच्या नावावर करार होता आणि गाडी मुलगी चालवत होती, अशा घरात ही ओळ नीट समजावणं गरजेचं असतं.

कधी पत्रासोबत चालकाची माहिती भरून पाठवायचा फॉर्म असतो, कलम 126-बीस अन्वये. 'बीस' म्हणजे नंतर घातलेलं जोडकलम; आपण '126अ' म्हणतो तसं. हा फॉर्म लायसन्सचे गुण कापले जाणाऱ्या नियमभंगांसाठी आहे, उदाहरणार्थ मर्यादेपेक्षा दहा किलोमीटरहून जास्त वेग. निर्बंधित क्षेत्रात शिरल्याबद्दल गुण कापले जात नाहीत, त्यामुळे आपल्या नमुन्यात त्याचा प्रश्न येत नाही. पण पत्र वेगाचं असेल आणि त्यात माहिती मागितलेली असेल तर साठ दिवसांत ती पाठवावी लागते, दंड भरला असला तरीही. नाही पाठवली तर वेगळा दंड, किमान 291 युरो. अनेकदा मूळ दंडापेक्षा हा मोठा. म्हणून भाषांतरात या फॉर्मची ओळ दंडाच्या ओळीच्या शेजारी ठेवा, परिशिष्टात ढकलू नका.

हरकत घ्यायची असेल तर

'रिकोर्सो' म्हणजे अपील. त्याचे दोन रस्ते पत्रात सांगितलेले असतात. एक 'प्रेफेत्तो'कडे. हा पोलीस अधिकारी नाही, प्रांतातला केंद्र सरकारचा प्रतिनिधी आहे. आपल्याकडच्या वाचकाला 'जिल्हाधिकाऱ्यासारखा अधिकारी' म्हटलं की कळतं. मुदत 60 दिवस, शुल्क नाही. पण अर्ज फेटाळला गेला तर दंड किमानच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. दुसरा रस्ता 'जूदिचे दी पाचे'. शब्दशः 'शांततेचा न्यायाधीश'. मराठीत 'लहान दाव्यांचा न्यायाधीश' असं लिहून एकदा तळटीप द्यावी. इथे मुदत 30 दिवस, परदेशात राहणाऱ्यासाठी 60. अशा छोट्या रकमेसाठी 43 युरो न्यायशुल्क आहे. म्हणजे 82.60 युरोच्या दंडासाठी आधीच निम्म्याहून जास्त खर्च. दोन्हीकडे अर्ज इटालियनमध्येच द्यावा लागतो.

दंड भरला की अपिलाचा हक्क संपतो. हे वाक्य पत्रात एखाद्या पोटवाक्यात लपलेलं असतं, भाषांतरात ते वेगळ्या ओळीवर आणा. 'आधी सूट घेऊन भरू, मग भांडू' हे इथे चालत नाही.

खरंच हरकत घेण्याजोगं प्रकरण एक असतं: हॉटेल त्या क्षेत्राच्या आत होतं आणि गाडीचा नंबर हॉटेलनं नगरपालिकेकडे नोंदवला होता. तसं असेल तर हॉटेलकडून त्या नोंदणीचा लेखी पुरावा मागवा आणि तारीख-वेळ पत्राशी ताडून पाहा. 'पाटी दिसली नाही' एवढ्या आधारावर दुप्पट दंडाचा धोका पत्करू नये, असं आमचं मत.

पैसे पाठवताना

पत्रावर अठरा आकड्यांचा भरणा-क्रमांक असेल तर `checkout.pagopa.it` वर तो आणि नगरपालिकेचा अकरा आकड्यांचा कर-क्रमांक टाकून कार्डानं भरता येतं. रक्कम तिथे आपोआप दिसते. ती पत्राशी जुळते का ते पाहा. पाच दिवसांची सूट घ्यायची असेल तर हाच मार्ग धरा, कारण भारतातून बँकेमार्फत युरो पोचायला अनेकदा तेवढेच दिवस लागतात.

काही नगरपालिका परदेशातली बजावणी आणि वसुली खासगी कंपनीला देतात, त्यामुळे पत्रावर अनोळखी कंपनीचं नाव आणि तिचं संकेतस्थळ दिसू शकतं. खरं-खोटं ताडायला पत्रातला पत्ता वापरू नका. नगरपालिकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन त्या कंपनीचा उल्लेख शोधा. रजिस्टर पत्र न येता फक्त ईमेल किंवा संदेश आला आणि त्यात 'लगेच भरा' असा दुवा असेल तर तो उघडूच नका.

बँकेतून पाठवायचे झाले तर खातं-क्रमांक `IT` नं सुरू होतो आणि एकूण 27 खुणांचा असतो. एक जरी कमी भरली तरी उतरवताना चूक झाली असं समजा. शुल्काच्या रकान्यात `OUR` निवडा, म्हणजे मधल्या बँकांचे पैसे तुमच्याकडून जातील. दुसरा पर्याय निवडला तर 82.60 मधून काही युरो वाटेत कापले जातात, नगरपालिकेकडे 70-75 पोचतात, आणि अपुरी रक्कम फक्त 'अंशतः भरणा' म्हणून जमा होते. सूटही जाते आणि बाकीसाठी पुन्हा पत्र येतं. 'काउझाले' हा रकाना म्हणजे भरण्याचं कारण. तिथे मराठी किंवा इंग्रजी वाक्य न लिहिता पत्रातलेच शब्द वापरा:

```
Verbale n. 000000/2024 - targa XX000XX - 14/06/2024
```

अहवाल क्रमांक, गाडीचा नंबर आणि घटनेची तारीख, एवढंच. हे नसेल तर पैसे पोचतात, पण ते कुणाच्या दंडापोटी आले हे तिथे कळत नाही.

पत्र कर विभागाचं असेल तर

हे बहुधा इटलीत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांना येतं, आणि बहुतेकदा 'तारी' या कराचं असतं. तारी म्हणजे घरातल्या कचऱ्यासाठीचा वार्षिक कर, 2014 पासून लागू. तो घराच्या चौरस मीटरवर आणि घरात राहणाऱ्यांच्या संख्येवर ठरतो. ठराविक गोष्ट अशी: मुलगा खोली सोडून दुसऱ्या गावी जातो आणि तारी बंद करण्याचा अर्ज द्यायचा राहतो. नगरपालिकेच्या लेखी तो तिथेच राहत असतो.

इथेही मथळ्यात 'अच्चेर्तामेन्तो' हाच शब्द येतो, पण अर्थ बदलतो. वाहतूक दंडात ती नियमभंगाची खातरजमा होती. कराच्या पत्रात ती 'करआकारणी' आहे. सोबत 'एसेकुतीवो' हा शब्द असेल तर 60 दिवसांची मुदत उलटल्यावर वेगळी वसुली नोटीस न येता हाच कागद थेट वसुलीला पुरतो. 2020 पासून नगरपालिकांच्या करांना ही पद्धत लागू आहे. मथळ्यात 'सोल्लेचितो' असेल तर ते साधं स्मरणपत्र. दोन्हींना 'नोटीस' म्हटलं तर फरक पुसला जातो. एकाला 'वसुलीयोग्य करआकारणी' आणि दुसऱ्याला 'स्मरणपत्र' म्हणा.

रकमेच्या तक्त्यात कर, दंड आणि व्याज असे तीन रकाने वेगळे उतरवा. पाच दिवसांची सूट इथे नाही. अपील करविषयक न्यायालयात होतं, प्रेफेत्तोकडे नाही. मुदत 60 दिवस, त्यात ऑगस्टचा महिना मोजत नाहीत. पण अपिलाआधी कर विभागाला ईमेल करून खोली सोडल्याचा पुरावा पाठवावा: करार संपल्याचं पत्र, नव्या घराचा करार, वीजबिल बंद केल्याची पावती. चूक मान्य झाली तर विभाग स्वतःच आकारणी मागे घेऊ शकतो. मात्र उत्तराची वाट पाहताना साठ दिवस थांबत नाहीत.

घरच्यांच्या हातात काय द्यायचं

दोन कागद द्या. पहिला अर्ध्या पानाचा. आपल्या नमुन्याचा तो असा होईल:

'फ्लॉरेन्स नगरपालिकेकडून वाहतूक दंड. फौजदारी गुन्हा नाही, लायसन्सचे गुण कापले जात नाहीत. 14 जून 2024, सकाळी 11:42, निर्बंधित वाहतूक क्षेत्रात विनापरवाना प्रवेश. पत्र मिळाले 11 फेब्रुवारी 2025. सोमवार, 17 फेब्रुवारीपर्यंत भरल्यास 82.60 युरो, 12 एप्रिलपर्यंत 107.50, त्यानंतर 190.50. भरल्यावर अपील करता येणार नाही. चालकाचा फॉर्म पाठवायची गरज नाही. गाडीच्या कंपनीनं कार्डावर कापलेली रक्कम वेगळी.'

दुसरा कागद पूर्ण भाषांतराचा, परिच्छेदाला परिच्छेद ठेवून, म्हणजे मूळ पानाशेजारी धरून पाहता येईल. त्यात कायद्याच्या उताऱ्यांची लांबच लांब छापील पानं उतरवायची गरज नसते. 'कलम 201, 202, 203 यांचा छापील उतारा' एवढं कंसात पुरतं. पैसे भरण्यासाठी प्रमाणित किंवा शपथेवरचं भाषांतर लागत नाही. उलट दिशेनं, म्हणजे मराठी किंवा इंग्रजी कागद इटलीत पुरावा म्हणून द्यायचे असतील, तेव्हाच ते लागू शकतं. भरणा झाल्यावर पावती, पाकीट आणि पत्र एकत्र टाचून पाच वर्षं ठेवा. दंडाची वसुली करण्याची मुदत तेवढी असते, आणि चौथ्या वर्षी कुणी विचारलं तर पावतीखेरीज दाखवायला काही उरलेलं नसतं.